दोन नंबर बेसमेंटमधली गाडी आठव्या मजल्यावरून सुरू करावी का?

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो, गाडी दोन नंबर बेसमेंटला लागते. आठव्या मजल्यावरून रिमोट चालत नाही, अ‍ॅप कधी चालतं कधी नाही. रेंज वाढवता येईल का? बेसमेंटमध्ये एसीसाठी इंजिन आधीच सुरू करणं सुरक्षित आहे का?

उत्तर: रेंज वाढवू नका, आणि घरातून इंजिन सुरूच करू नका.

रिमोटचा सिग्नल मोकळ्या जागेत काही दहा मीटर जातो. तुमच्यात आणि गाडीत आठ-दहा स्लॅब आहेत, प्रत्येकात सळया. तिथे तो दमतो. रिमोटमध्ये दोष आहे का हे बघायचं तर मोकळ्यावर वीस पावलांवरून लॉकचं बटण दाबा. तिथेही अडखळला तर सेल बदला, बहुतेक रिमोटमध्ये CR2032 असतो.

अ‍ॅपला अंतराची अडचण नाही. तुमचा आदेश कंपनीच्या सर्व्हरवरून गाडीतल्या सिमपर्यंत जातो. म्हणजे नेटवर्क गाडीला हवं, आणि खालच्या बेसमेंटला ते येत-जात राहतं. धोका इथेच आहे. कधी आदेश पोचतो, इंजिन सुरू होतं, पण पोच परत येत नाही. अ‍ॅपवर नुसतं चक्र फिरत राहतं. तुम्ही म्हणता, झालं नाही, आणि चहा घेत बसता. खाली इंजिन चालूच. बऱ्याच गाड्यांत ते दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, पण त्या सोयीवर विसंबून हवा शुद्ध राहील असं समजू नका.

पेट्रोलचं थंड इंजिन पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतं, कारण धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. नेमकी तीच मिनिटं तुम्ही बंद जागेत घालवणार. या वायूला रंग नाही, वास नाही. रात्रपाळीचे वॉचमन, गाडी धुणारे, शेजारच्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर यांना काही कळतही नाही. एसी आतल्या हवेवर ठेवला तरी गाडीत बसलेल्यांची सुटका नाही, फटींतून तो शिरतोच. बंगल्याच्या गॅरेजमध्ये तर शटर उघडं ठेवूनही नको.

एक्झॉस्ट फॅनचं सोसायटीच्या मॅनेजरना विचारा: ते सेन्सरवर चालतात की टायमरवर? वीज वाचवायला बंद ठेवलेले असतील तर ते आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

बेसमेंटला ऊन लागत नाही, त्यामुळे गाडी तशी तापलेलीही नसते. खाली जा, बसा, सुरू करा, लगेच रॅम्प चढा. गेटपर्यंत एसी गार होतो. रिमोट स्टार्टचा खरा उपयोग मे महिन्यात वाशीला उघड्या पार्किंगमध्ये उन्हात लावलेल्या गाडीला. तिथेही गाडी दिसेल अशा जागी उभं राहून बटण दाबा, म्हणजे इंडिकेटर लुकलुकले की कळेल.

अ‍ॅपवर चक्र अडकलं तर पुन्हापुन्हा दाबू नका. वॉचमनना फोन करून इंजिन चालू आहे का ते लांबूनच बघायला सांगा आणि स्वतः जाऊन बंद करा. खाली कुणाचं डोकं दुखायला लागलं, चक्कर किंवा मळमळ झाली, तर आधी सगळ्यांना उघड्यावर न्या, मग १०८ लावा. इंजिन बंद करायला परत आत जाऊ नका, त्याचं नंतर बघता येईल.