खात्यात पैसे शिल्लक आहेत, पण जोखमीला जागा उरली आहे का?

प्रश्न : माझं ट्रेडिंगचं भांडवल १० लाख रुपये. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे १० हजारांहून जास्त जोखीम घेत नाही, आणि सगळ्या सौद्यांची मिळून सहा टक्के अशी मर्यादा घालून घेतली होती. सध्या सात पोझिशन उघड्या आहेत, म्हणजे सात टक्के झालेच. आणखी दोन चांगले सौदे दिसताहेत आणि २ लाख ६० हजार रुपये खात्यात पडून आहेत. मर्यादा दहा टक्के करू का? यादी सोबत पाठवतो.

उत्तर : नको. आणि तुमची आजची एकूण जोखीम सात टक्केही नाही. यादी नीट मोजली तर आधी ती कमी निघते आणि मग वाढते. निर्णय त्या मोजणीवरच ठरतो.

पोझिशन मोजून जोखीम कळत नाही. प्रत्येक शेअरची खरेदी किंमत वजा आजचा स्टॉपलॉस, गुणिले शेअरची संख्या, आणि त्या सगळ्यांची बेरीज, म्हणजे एकूण उघडी जोखीम. ट्रेडर मंडळी तिलाच पोर्टफोलिओ हीट म्हणतात. तुमच्या प्रत्येक सरकारी बँकेत १० हजारांची जोखीम आहे (उदाहरणार्थ, २५० ला घेतलेले ४०० शेअर, स्टॉप २२५). तीन बँकांचे झाले ३० हजार. फार्माचे १०० शेअर १,२०० ला घेतले, स्टॉप आता १,२२० वर आणलाय. तिथे भांडवलाची जोखीम शून्य. वाहन कंपनीचे ५० शेअर २,००० चे, स्टॉप १,९२०. जोखीम ४ हजार. आयटी १० हजार, स्मॉलकॅप १० हजार. बेरीज ५४ हजार, म्हणजे ५.४ टक्के.

शीटमध्ये B रकान्यात खरेदी किंमत, C मध्ये स्टॉप आणि D मध्ये संख्या भरा :

```
=MAX(0,(B2-C2)*D2)
```

स्टॉप खरेदीच्या वर गेला की आकडा शून्यावर थांबतो. फार्मातला सुरक्षित नफा बँकांच्या जोखमीतून वजा व्हायला नको, म्हणून हे MAX.

आता वाढणारा भाग. तुमच्या स्मॉलकॅपला पाच टक्क्यांचं सर्किट आहे, म्हणजे त्याचा भाव एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त हलू शकत नाही. ५०० च्या भावाला स्टॉप ४५० वर लावलात. वाईट बातमी आली आणि शेअर रोज लोअर सर्किटला बंद होत गेला, तर भाव ४७५, ४५१.२५, ४२८.७० असे उतरतात. तिसऱ्या दिवशी तुमचा स्टॉप लागतो खरा, पण समोर घेणारा कोणी नसतो. चौथ्या दिवशी ४०७ च्या आसपास सुटका झाली, तरी २०० शेअरवर सुमारे साडेअठरा हजारांचा तोटा. कागदावर तो १० हजार होता. म्हणून पाच टक्के किंवा त्याहून लहान सर्किटच्या शेअरची जोखीम मी दुप्पट धरायला सांगतो. बेरीज झाली ६४ हजार. तुमची सहा टक्क्यांची मर्यादा ६० हजारांची आहे, म्हणजे नवे सौदे सोडाच, आज आहे तेच जास्त आहे.

त्याहून मोठी अडचण बँकांची. तीन वेगवेगळे शेअर असले तरी तो एकच डाव आहे. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, पण सरकारी बँकांचा निर्देशांक सुमारे पंधरा टक्के कोसळला. दहा टक्के खाली लावलेले तुमचे तिन्ही स्टॉप अशा दिवशी एकत्रच लागले असते. एका सौद्यात एक टक्का हा नियम तुम्ही मोडला नाहीत, पण त्या एका कल्पनेवर तीन टक्के लावलेत. एका क्षेत्रावर दोन टक्क्यांची वेगळी पोटमर्यादा ठेवा, आणि तीत सरकारी बँका, खासगी बँका व एनबीएफसी एकत्र मोजा.

करायचं काय? तिन्ही बँकांचे भाव खरेदीच्या आसपासच आहेत, तेव्हा त्यांतली जी सर्वांत कमी चाललीय ती विकून टाका. स्मॉलकॅपचे १०० शेअर कमी करा. दुपटीने मोजलं तरी तिथली जोखीम १० हजारांवर येते. मग बेरीज ४४ हजार, शिल्लक जागा १६ हजार. नव्या दोन सौद्यांपैकी जो बँकिंगबाहेरचा आणि जास्त आवडता आहे तो पूर्ण १० हजारांचा घ्या. दुसराही बँकिंगबाहेरचा असेल तर त्याला उरलेले ६ हजारच मिळतील. समजा भाव ८०० आणि स्टॉप ७६०, तर ४० रुपयांच्या अंतराने १५० शेअर बसतात, एरवी तुम्ही २५० घेतले असते. खात्यातली रोकड यानंतरही उरेल, उरू द्या. रोकड किती आहे यावरून जोखमीला किती जागा आहे ते ठरत नाही.

दहा टक्क्यांना नको म्हणण्याचं कारण सरळ हिशेबाचं आहे. सगळे स्टॉप एकाच वेळी लागण्याची पाळी लागोपाठ तीनदा आली, तर सहा टक्क्यांच्या मर्यादेत १० लाखांचे सुमारे ८ लाख ३१ हजार राहतात, आणि मुद्दल परत मिळवायला वीस टक्के कमवावे लागतात. दहा टक्क्यांच्या मर्यादेत ७ लाख २९ हजार उरतात आणि सदतीस टक्के कमवावे लागतात. वर सर्किट आणि गॅपचा भुर्दंड वेगळा.

जागा मोकळी करण्यासाठी एक पळवाट बरेच जण काढतात, तिच्यापासून सांभाळा. शेअर दोन टक्के वर गेला की स्टॉप लगेच खरेदीच्या भावावर आणायचा, जोखीम शून्य दाखवायची आणि नवा सौदा घ्यायचा. शेअर रोज सहज तीन टक्के वरखाली होत असेल, तर तो स्टॉप पुढच्या एकदोन दिवसांत लागतो आणि चांगली पोझिशन हकनाक जाते. स्टॉप चार्टवरच्या नव्या आधाराखाली हलवा. मर्यादेत जागा हवी म्हणून हलवू नका.

रात्रभर ठेवलेल्या पोझिशनचे स्टॉप कसे लावलेत तेही आज पाहा. एक्सचेंजवरची साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून बहुतेक जण जीटीटी, म्हणजे ट्रिगरचा भाव येईपर्यंत अनेक दिवस टिकणारी ऑर्डर लावतात. त्यात ट्रिगर २२५ आणि लिमिट २२४ टाकली आणि शेअर सकाळी २१८ ला उघडला, तर तुमची विक्री २२४ ला टांगून राहते आणि भाव खाली जात राहतो. लिमिट ट्रिगरच्या चार-पाच टक्के खाली, म्हणजे २१५ च्या आसपास ठेवा. तेव्हा बाजारात जो भाव चालू असेल, साधारण २१८, त्यालाच माल जाईल. २२५ ऐवजी २१८ ला विकला तर ४०० शेअरवर २,८०० रुपये जास्त जातात, हेही लक्षात असू द्या.

मर्यादेचा पाया दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने काढा, आणि त्यात न विकलेला नफा धरू नका. भांडवल ९ लाख ४० हजारांवर आलं असेल तर सहा टक्के म्हणजे ५६,४०० रुपये. एका सौद्याची जोखीमही मग १० हजार नसून ९,४०० असेल.