अंगठा उठला नाही की सिम दुसऱ्या दिवशी का चालू होतं?

प्रश्न: वडिलांसाठी नवीन प्रीपेड सिम घ्यायचं आहे. कोणती कागदपत्रं न्यावी लागतात? माझं सिम तासाभरात चालू झालं होतं, पण काकांना दुकानदार म्हणाला, "उद्यापर्यंत थांबा." असं का?

मी तालुक्याच्या गावी मोबाईलचं दुकान चालवतो. नवीन सिमचं काम आमच्या काउंटरवर रोजचंच आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सिम दुकानदार चालू करत नाही. आम्ही माहिती भरून पाठवतो आणि मंजुरी कंपनीकडून येते. ती किती वेळात येणार हे बरंचसं तुमची ओळख कोणत्या पद्धतीने पटवली यावर ठरतं, आणि अशा पद्धती दोन आहेत.

पहिली आधारच्या अंगठ्याची. वडिलांनी आधार नंबर द्यायचा, मशीनवर बोट ठेवायचं, की नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो थेट आधारच्या नोंदीतून येतात. माहिती मुळातूनच तपासलेली असल्यामुळे पुढे माणसाने कागद पारखायचं काम फारसं उरत नाही. तुमचं सिम तासाभरात चालू झालं ते बहुधा असंच.

दुसरी पद्धत डिजिटल केवायसीची. अंगठा उठत नसेल किंवा आधार द्यायचा नसेल, तर मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आधारकार्डसुद्धा इथे नुसतं ओळखपत्र म्हणून देता येतं. कागद मूळ हवा, झेरॉक्स नको. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म बंद झाला, त्यामुळे पासपोर्ट साइज फोटोही लागत नाही. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून तेवढ्यावर काम होत नाही. दुकानदार कंपनीच्या अ‍ॅपमधून मूळ कागदाचा फोटो काढतो आणि समोर उभं करून वडिलांचा फोटो काढतो. त्या फोटोंवर जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. मग दुसऱ्या एका चालू नंबरवर ओटीपी येतो आणि तोच वडिलांची सही धरला जातो. म्हणून घरातल्या कोणाचा तरी नंबर द्या आणि तो फोन सोबत न्या. दुकानदाराचा नंबर देऊ नका, कारण पुढचे मेसेजही बहुतेक वेळा तिथेच येतात.

एक दिवस जातो तो या दुसऱ्या पद्धतीत. कंपनीच्या कार्यालयात कोणीतरी फोटोतला चेहरा कागदावरच्या चेहऱ्याशी ताडून बघतं, भरलेलं नाव आणि पत्ता कागदाप्रमाणे आहे का ते बघतं, मगच अर्ज पुढे सरकतो. संध्याकाळी उशिरा पाठवलेला अर्ज सहसा सकाळी उघडला जातो.

माझ्याकडे एक आजोबा आले होते. आयुष्यभर शेतात राबलेले हात, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. बोट पुसून पाहिलं, दुसरी बोटं लावून पाहिली, तरी मशीन घेईना. शेवटी मतदार ओळखपत्रावर अर्ज केला, तोवर दिवस मावळला होता. सकाळी अर्ज परत आला, कारण कार्डाच्या लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चमक पडून नावाची ओळ पुसट आली होती. आजोबांना पुन्हा बोलावलं, कार्ड दाराशी उजेडात धरून फोटो काढला आणि दुपारपर्यंत रेंज आली. त्यात आजोबांची चूक काहीच नव्हती, फेरा मात्र त्यांना पडला. म्हणून तुम्हाला सांगतो, दुकानदाराने फोटो काढला की तो स्क्रीनवर मोठा करून स्वतः वाचा. नाव आणि नंबर वाचता आला नाही तर तिथेच पुन्हा काढायला सांगा. अर्जातलं नावही कार्डाप्रमाणे तंतोतंत आहे ना बघा. कार्डावर 'विठ्ठलराव' असेल आणि अर्जात नुसतं 'विठ्ठल' लिहिलं, तर अर्ज अडकू शकतो.

जाण्याआधी घरी एवढं पाहून ठेवा, की वडिलांचं बायोमेट्रिक लॉक केलेलं नाही ना. आधारच्या अ‍ॅपमधून ते कोणी लॉक केलं असेल, तर बोट कितीही चांगलं असलं तरी मशीन नकारच देणार.

अर्ज मंजूर झाला तरी एक पायरी राहते, आणि खरं तर पुष्कळ सिम इथेच पडून असतात. मोबाईलवर रेंजच्या दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही. अशा वेळी कंपनीकडून पडताळणीचा मेसेज आला आहे का ते पाहा. त्यात दिलेला छोटा नंबर नव्या सिमवरूनच लावायचा असतो. जिओचा १९७७ आहे, एअरटेल आणि व्हीआयचा ५९०५९. तिथे ओळखपत्राचे शेवटचे आकडे किंवा मेसेजमध्ये आलेला पिन यासारखी माहिती विचारतात. ही पडताळणी झाल्यावर कॉल सुरू होतात. वडील साधा फोन वापरत असतील तर मेसेज आलेला त्यांच्या लक्षात येणार नाही, तो तुम्ही उघडा. त्यानंतरही फोन जात नसेल तर पहिलं रिचार्ज झालंय का विचारा.

रेंजच आली नसेल, नुसतं 'नो सर्व्हिस' दिसत असेल, तर अर्ज अजून कंपनीकडेच आहे असं समजा. दुकानदाराला 'सिम का चालू होत नाही' असं विचारण्यापेक्षा 'अर्ज मंजूर झाला की परत आला' असं विचारा. त्याच्या अ‍ॅपमध्ये ते दिसतं.

तुम्ही मुंबईत राहत असाल आणि वडिलांचा पत्ता गावचा असेल, तर सिम गावाकडच्या दुकानातून घेतलेलं बरं. मोबाईलच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं. सर्कलबाहेरच्या पत्त्यावर स्थानिक पत्ता आणि ओळखीच्या माणसाचा तपशील मागतात, म्हणजे तपासायला आणखी एक गोष्ट वाढते. सिम कुठूनही घेतलं तरी वापरताना फरक पडत नाही.

आणि अंगठ्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते ती ही. "उठला नाही, परत लावा" म्हणत म्हाताऱ्या माणसाकडून अंगठा घेत राहायचं आणि त्यावर दुसरंच सिम काढायचं, असे प्रकार घडले आहेत. अशा सिमवरून कोणी फसवणूक केली तर पोलीस आधी तुमच्या वडिलांच्या दारात येतील. प्रत्येक वेळी मशीन काय दाखवतं ते तुम्ही स्वतः पाहा. 'यशस्वी' दिसल्यावर पुन्हा बोट मागितलं तर कशासाठी ते विचारल्याशिवाय देऊ नका. सिम चालू झाल्यावर sancharsaathi.gov.in वर जाऊन त्या नंबरने लॉगिन करा. वडिलांच्या नावावर किती नंबर आहेत ते तिथे दिसतं. एका माणसाला नऊ सिमची मर्यादा आहे आणि ती आधीच भरलेली असेल तर नवा अर्ज अडतो. अनोळखी नंबर दिसला तर त्यापुढे 'माझा नंबर नाही' असं निवडून तिथेच तक्रार नोंदवा.