एनपीव्हीचं उत्तर पटतंय का? अर्ध्या मिनिटात पडताळा

दरवर्षीचा इनफ्लो वेगळा असला की अ‍ॅन्युइटी फॅक्टर लावता येत नाही ना? मग अंदाज कसा काढायचा?

उत्तर काढायला लावता येत नाही, अंदाजाला मात्र खुशाल लावा. आज सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. मशीन १० लाखांचं, दर १२ टक्के. पाच वर्षांचे करोत्तर इनफ्लो २.४०, २.८०, ३.२०, ३.०० आणि २.६० लाख. पाचव्या वर्षाअखेर सॅल्व्हेज १ लाख.

इनफ्लोंची बेरीज १४ लाख, म्हणजे सरासरी २.८ लाख. १२ टक्क्यांचा पाच वर्षांचा अ‍ॅन्युइटी फॅक्टर ३.६ धरा. २.८ गुणिले ३.६ म्हणजे १०.०८ लाख. सॅल्व्हेजच्या १ लाखाचे पाचव्या वर्षाच्या फॅक्टरने होणारे ०.५७ लाख मिळवले की एकूण १०.६५ लाख. त्यातून १० लाख गेले, राहिले साधारण ६५ हजार. सविस्तर कोष्टक मांडून चार दशांशांच्या फॅक्टरने एनपीव्ही येते ६०,२०२.

अंदाज थोडा वर का गेला? सरासरी घेताना आपण असं गृहीत धरतो की पैशांचा मध्य बरोबर तिसऱ्या वर्षावर आहे. इथे तो किंचित पुढे सरकलाय. प्रत्येक इनफ्लोला त्याच्या वर्षाने गुणून बेरजेला १४ ने भागा: ४२.६ भागिले १४, म्हणजे ३.०४. हे ०.०४ वर्ष गुणिले १२ टक्के म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. १०.०८ लाखांतून ५ हजार वजा केले की अंदाजही ६० हजारांवर येऊन बसतो.

इनफ्लो एकाच दिशेने चढत किंवा उतरत असतील तर ही दुरुस्ती टाळू नका. १, २, ३, ४, ५ लाख असे इनफ्लो असतील तर सरासरीवरून १०.८ लाख येतात, खरं वर्तमान मूल्य १०.०० लाख आहे. इथे मध्य ३.६७ वर्षांवर आहे. ०.६७ गुणिले १२ म्हणजे ८ टक्के कमी करा, ९.९४ लाख मिळतात. तेच आकडे उलटे, ५ पासून १ पर्यंत, असतील तर वर्तमान मूल्य ११.६३ लाख होतं. बेरीज तीच, सरासरी तीच, फरक फक्त पैसा कधी येतो याचा.

टेबलातून फॅक्टर चुकीच्या रकान्यातला उचलला गेला तर कसं कळणार?

आधी फॅक्टर दोन बाजूंनी कोंडा. मधलं वर्ष शोधा. पाच वर्षांसाठी ते तिसरं. पाच गुणिले तिसऱ्या वर्षाचा फॅक्टर, म्हणजे ५ × ०.७१ = ३.५५. खरा आकडा नेहमी याच्या वर असतो. मग ५ ला एक अधिक तीन वेळा दर, म्हणजे १.३६ ने भागा: ३.६८. खरा आकडा याच्या खाली असतो. ३.५५ आणि ३.६८ च्या मध्ये ३.६०४८ व्यवस्थित बसतो. मुदत वाढली की ही कोंडी सैल होते: १० टक्के, १० वर्षांसाठी ती ५.९२ ते ६.४५ इतकी रुंद आहे आणि खरा फॅक्टर ६.१४४६.

तुम्ही १० टक्क्यांचा रकाना उचलला असता तर ३.७९०८ दिसला असता, तो वरच्या मर्यादेबाहेरच जातो. आणखी पक्का पडताळा हवा असेल तर शेवटच्या वर्षाचा फॅक्टर तपासा. एकातून दर गुणिले अ‍ॅन्युइटी फॅक्टर वजा केला की तोच यायला हवा: १ − ०.१२ × ३.६०४८ = ०.५६७४. हे सूत्र अचूक आहे, अंदाज नाही. १० टक्क्यांच्या रकान्यातला ३.७९०८ घेऊन, दर १२ टक्केच ठेवून हेच केलं तर ०.५४५ येईल, आणि तुमच्या कोष्टकात ०.६२०९ लिहिलेलं असेल. चूक तिथेच पकडली जाते. एखादाच फॅक्टर शेजारच्या ओळीतला आला असेल तर पाचही फॅक्टरांची बेरीज करून ती ३.६०४८ येते का पाहा.

अंदाज ६५ हजार, उत्तर ६० हजार. किती फरक चालवून घ्यायचा?

फरक एनपीव्हीच्या टक्क्यांत मोजू नका, एकूण वर्तमान मूल्याच्या टक्क्यांत मोजा. अनेक जण इथेच फसतात. आपला अंदाज १०.६ लाखांच्या आकड्याचा आहे, एनपीव्ही म्हणजे त्यातून १० लाख वजा जाऊन उरलेली चिंधी. वर्तमान मूल्यात एक टक्का चूक म्हणजे साधारण १०,६०० रुपये. ६० हजारांच्या एनपीव्हीत तीच चूक जवळपास १८ टक्क्यांची दिसते. ५ हजारांचा फरक मुळात अर्ध्या टक्क्याचा आहे, सोडून द्या.

याचाच दुसरा अर्थ असा की एनपीव्ही गुंतवणुकीच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तर तोंडी अंदाजावरून अधिक की उणे हे ठरवू नका. आपल्या उदाहरणात सॅल्व्हेज वगळलं तर एनपीव्ही फक्त ३,४६२ उरते. तिथे कोष्टकच बोलेल.

तीन दशांशी टेबल वापरलं तर उत्तर ६०,२४० येतं. हा ३८ रुपयांचा फरक राउंडिंगचा, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

फरक मोठा आहे, चूक सापडत नाही आणि सगळं पुन्हा सोडवायला वेळ नाही. काय करू?

फरकाची रक्कम वाचा, तीच चुकीकडे बोट दाखवते. उत्तर साधारण ५७ हजारांनी कमी आलं तर १ लाखाचं सॅल्व्हेज राहून गेलंय. ४३ हजारांनी जास्त आलं तर सॅल्व्हेज धरलंय, पण डिस्काउंट न करता. सुमारे १.०७ लाखांनी जास्त आलं तर मशीनचे १० लाख शून्य वर्षाऐवजी पहिल्या वर्षात टाकलेत.

घसाऱ्याच्या चुका याहून मोठ्या दिसतात. सरळ रेषा पद्धतीने घसारा वर्षाला १.८ लाख. करोत्तर नफ्यात तो परत मिळवायचा राहिला तर १.८ × ३.६, म्हणजे जवळपास ६.५ लाखांची खोट येते आणि एनपीव्ही थेट उणे सहा लाखांच्या आसपास जाते. घसारा वजा न करताच कर काढला असेल, तर ३० टक्के दराने वर्षाला ५४ हजार करबचत बुडते. वर्तमान मूल्यात १.९४ लाख. फरक या आकड्यांच्या जवळ आला की थेट ती ओळ उघडा. दोन चुका एकत्र आल्या तर मात्र हा माग फसतो. तेव्हा आधी इनफ्लोची बेरीज तपासा, मग फॅक्टर.

इनफ्लो तिसऱ्या वर्षापासून सातव्यापर्यंत असतील तर?

पाच वर्षांच्या अ‍ॅन्युइटी फॅक्टरला दुसऱ्या वर्षाच्या फॅक्टरने गुणा, तिसऱ्याच्या नाही. अ‍ॅन्युइटी फॅक्टर पहिल्या इनफ्लोच्या एक वर्ष आधीची किंमत देतो, म्हणून. ३.६०५ × ०.७९७ = २.८७. पडताळा: सात वर्षांचा ४.५६४ वजा दोन वर्षांचा १.६९० म्हणजे २.८७४. तिसऱ्या वर्षाच्या फॅक्टरने गुणलं तर २.५७ येईल, म्हणजे साडेदहा टक्क्यांहून जास्त कमी. मधल्या वर्षाची युक्ती इथेही चालते: मध्य पाचव्या वर्षावर, ५ × ०.५७ = २.८५.