एआय चित्रात सावळा चेहरा गोरा का होतो, आणि तो तसाच ठेवायचा कसा?

प्रश्न: बहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी तिच्या फोटोवरून नऊवारीतलं चित्र एआयने करतोय. ती सावळी आहे, नाक जरा पसरट. दर वेळी चित्रात ती गोरी आणि धारदार नाकाची होऊन येते. प्रॉम्प्टमध्ये डार्क स्किन लिहिलं तर भलतीच बाई समोर येते. काय करू?

उत्तर:

मी इंदूरला पत्रिका आणि फोटोचं काम करतो. रामबागेपासून पलीकडच्या कॉलन्यांपर्यंत मराठी घरांतल्या बऱ्याच पत्रिका माझ्याकडे येतात आणि हल्ली हीच तक्रार जास्त असते. माझा सल्ला आधीच सांगतो: चेहरा मशीनला काढूच देऊ नका. साडी, मांडव, फुलं काढू द्या, चेहरा बहिणीच्या फोटोतलाच राहू द्या. हे का आणि कसं, ते आता सांगतो.

तुम्ही फोटो दिलात की मशीन तो समोर ठेवून नक्कल करत नाही. फोटोवर आधी दाणेदार गोंधळ चढवला जातो, ज्याला नॉइज म्हणतात, आणि मग तो टप्प्याटप्प्याने पुसत नवं चित्र घडवलं जातं. किती गोंधळ चढवायचा ते `Denoising strength` या आकड्यावर ठरतं. ०.२ ठेवलात तर फोटो जवळपास तसाच राहतो, ०.८ ठेवलात तर फक्त ढोबळ आकार उरतो. गोंधळात आधी बारीक गोष्टी मरतात: नाकपुडीची कड, पापणीची घडी, ओठांची रेघ. रंगाचे मोठे पट्टे त्यामानाने उशिरा जातात. जे मेलं ते मशीन स्वतःच्या आठवणीतून भरतं, आणि ती आठवण तुमच्या बहिणीची नसते.

कोणाची असते मग? स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या लायन-५बी या संग्रहातल्या चित्रांवर शिकल्या. २०२२ साली आलेल्या या संग्रहात वेबवरून उचललेल्या ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या. मजकूर म्हणजे बहुतेक वेळा वेबपानावर चित्रासोबत कोणीतरी लिहिलेली ओळ. त्यातून पुन्हा ‘दिसायला चांगली’ चित्रं एका गुण देणाऱ्या प्रोग्रॅमने निवडली आणि शेवटचं शिक्षण त्यांवर झालं. आता वेबवर ‘ब्युटिफुल इंडियन ब्राइड’ या ओळीखाली कोण दिसतं ते तुम्हाला माहीत आहेच: दागिन्यांच्या जाहिराती आणि ब्युटी पार्लरवाल्यांचे चकचकीत फोटो. ‘डार्क स्किन’ ही ओळ इंग्रजीत बहुतेक वेळा आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या फोटोखाली असते. म्हणून ती लिहिली की रंगाबरोबर नाक, ओठ, केससुद्धा तिकडचे येतात. तुमची ‘भलतीच बाई’ ती हीच.

तेव्हा आधी नीट बघा, नक्की काय बदललंय. त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं.

नाक-डोळे बदलले पण रंग बराचसा टिकला, तर आकडा जास्त आहे किंवा फोटोत चेहरा फार लहान आहे. या मॉडेल्समध्ये चित्र आत जाताना लांबी-रुंदीला आठपट आकसतं. पूर्ण उभ्या फोटोत चेहरा ८० पिक्सेलचा असेल तर आत त्याला जेमतेम १० गुणिले १० चौकटी मिळतात. एवढ्यात पसरट नाक आणि धारदार नाक यांत फरक उरतच नाही. मग मशीन आपल्या सवयीचं नाक काढतं.

उलट ओळख पटते, नाकही ठीक आहे, पण रंग उजळला, तर तुम्ही चेहरा धरून ठेवणारं साधन वापरताय असं समजा. आयपी-अ‍ॅडाप्टर फेसआयडी आणि इन्स्टंटआयडी ही त्यातली नेहमीची. ही साधनं चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडून ५१२ आकड्यांची एक ओळख घेतात. हा प्रोग्रॅम मुळात उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली तोच माणूस ओळखता यावा म्हणून शिकवलेला असतो. म्हणजे उजेड-अंधाराकडे दुर्लक्ष करायचं हेच त्याला शिकवलंय. त्यामुळे माणूस कोण हे तो चांगलं सांगतो, त्वचा किती गडद हे फारच मोघम सांगतो. रंगाचं काम मग प्रॉम्प्टमधल्या शब्दांवर पडतं, आणि तिथे ‘ग्लोइंग’, ‘फ्लॉलेस’, ‘ब्युटिफुल’ बसलेले असतात.

सगळं केल्यावर शेवटी ‘फेस रिस्टोर’ची, म्हणजे चेहरा आपोआप साफ करून देणारी, खूण चालू राहिली असेल तर तीही काढा. जीएफपीगॅन नावाचं त्यातलं प्रसिद्ध साधन फ्लिकरवरच्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलंय. त्याच संग्रहावर शिकलेल्या मॉडेलवर उभ्या असलेल्या पल्स या साधनाने २०२० मध्ये ओबामांच्या धूसर फोटोतून चक्क गोरा माणूस काढला होता.

आता काम कसं करायचं ते. एका नवरीच्या पत्रिकेचं उदाहरण घेतो, रंगरूप तुमच्या बहिणीसारखंच.

पहिली गोष्ट फोटो. घरच्यांनी पाठवलेला फोटो फोनच्या ब्युटी मोडमधला होता, म्हणजे गोरं करण्याचं काम एआयच्या आधीच झालेलं. तो बाजूला ठेवला. तिला घरच्या गॅलरीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात उभं केलं, फ्लॅश बंद, आणि पहिल्या फ्रेममध्ये हनुवटीजवळ पांढरा कागद धरायला सांगितला. कागद त्या फोटोत निळसर किंवा पिवळट दिसला तर रंगाचा तोल आधी दुरुस्त करता येतो. अंगावर आईची एखादी जुनी साडी, आणि नथ खरी घातलेली. नथ मागाहून एआयकडून घालायला गेलात तर ते साखळीवाली मोठी उत्तरेकडची नथ काढतं, कधी उजव्या नाकपुडीत, आणि नथीच्या निमित्ताने नाकच नवं बसवतं. मुंडावळ्याही शक्य असेल तर खऱ्याच बांधा.

दुसरी गोष्ट मास्क. चेहरा, कान, केसांची कड, मान आणि दोन्ही हात ब्रशने झाकले आणि मशीनला उरलेलंच बदलायला सांगितलं. स्टेबल डिफ्यूजन चालवायला ऑटोमॅटिक११११ हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात `Inpaint not masked` निवडायचं. हात आणि मान विसरू नका. लोक फक्त चेहरा झाकतात, मग चेहरा सावळा आणि हात गोरे असं चित्र येतं आणि ते पूर्ण गोऱ्या चित्रापेक्षा वाईट दिसतं. चेहरा झाकलेला असल्यामुळे कपड्यांसाठी आकडा ०.७५ ठेवला तरी चालतं. प्रॉम्प्टमध्ये सौंदर्याचा एकही शब्द नाही, फक्त वस्तू आणि उजेड:

```
Maharashtrian nauvari saree, green silk, zari border,
marigold mandap behind, soft daylight from left,
medium-deep brown skin, warm undertone, natural skin texture
```

उजेडाची दिशा फोटोतलीच लिहा. फोटोत उजेड डावीकडून आणि मांडवात उजवीकडून असेल तर चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो, आणि मग तो मिसळावा म्हणून माणूस सगळ्या चित्रावर पुन्हा ०.५ चा हात फिरवतो. तिथे सगळी मेहनत वाया जाते. कडा मिसळायच्याच असतील तर फक्त केसांच्या आणि मानेच्या कडेची पट्टी निवडून ०.२ ते ०.२५ वर फिरवा.

तिसरी गोष्ट मोजणी, कारण डोळे फार लवकर सरावतात. दहा गोऱ्या चित्रांनंतर अकरावं थोडं कमी गोरं आलं की तेच बरोबर वाटायला लागतं. गिंप किंवा फोटोशॉपमध्ये रंगाचे आकडे लॅब पद्धतीत बघता येतात. त्यात एल म्हणजे उजळपणा, ० ते १००, आणि बी म्हणजे पिवळेपणा. मूळ फोटोत गालाचा एल ४२ आणि बी २० होता. चेहरा न झाकता केलेल्या चित्रात एल ६१, बी १८ झाला. त्वचाशास्त्रात यावरून एक कोन काढतात:

```
ITA = arctan((L - 50) / b) × 180 / π
```

मूळ फोटोचा कोन उणे २२ अंशांच्या आसपास येतो, चित्राचा अधिक ३१. पहिला ‘ब्राउन’ गटात बसतो, दुसरा त्याच्या पलीकडचा ‘टॅन’ गट ओलांडून ‘इंटरमीजिएट’मध्ये जातो. म्हणजे दोन पायऱ्या. हे गट ढोबळ पायऱ्या म्हणूनच धरा. फोटोतला एल उजेडावर अवलंबून असतो, म्हणून त्याच फोटोच्या दोन रूपांचीच तुलना करा, आणि कपाळावरच्या चमकत्या ठिकाणी मोजू नका.

नाकासाठी मी साधं गुणोत्तर बघतो: नाकपुड्यांची रुंदी भागिले डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर. या नवरीचं १.१ च्या पुढे होतं, न झाकलेल्या चित्रात ते ०.९ वर आलं होतं. झाकून केलेल्या चित्रात ते बदलायचं कारणच नाही, पण खात्री करा. मूळ फोटो वरच्या लेयरवर ठेवा आणि मोड `Difference` करा. चेहरा पूर्ण काळा दिसला तर तो जसाच्या तसा आहे. पापण्यांवर, नाकाच्या कडेला करड्या रेघा दिसल्या तर तुमचं साधन झाकलेला भागही आतून फिरवून काढतंय. मूळ चेहरा वरून मऊ कडेच्या मास्कने परत बसवा.

ज्यांच्याकडे आकडे बदलायची सोयच नाही, फक्त लिहून सांगायचं अ‍ॅप आहे, त्यांनाही हाच मार्ग: पोझ आणि चौकट बदलू नकोस असं लिहून साडी आणि मागचं करून घ्या, मग चेहरा, मान, हात मूळ फोटोतून वर ठेवा. पोझच बदलायची असेल तर मात्र हे जमत नाही. मग फेसआयडीने चित्र करा आणि रंग नंतर दुरुस्त करा. त्यात एकच खबरदारी: नुसता ब्राइटनेस खाली ओढलात तर त्वचा राखेसारखी होते. लॅब पद्धतीतल्या कर्व्हजमध्ये एल मधल्या छटांपुरता उतरवा, बी मूळ फोटोच्या जवळ आणा आणि गालावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक राहू द्या. गडद त्वचेत चेहऱ्याची गोलाई बरीचशी त्या चमकेतूनच दिसते.

घरातलं कोणीतरी “जरा उजळ करा हो” म्हणेलच. त्यावर निर्णय बहिणीचा. माझ्याकडे नवऱ्या बहुतेक वेळा मूळ रंगाचंच चित्र उचलतात, आग्रह मावशी-काकूंचा असतो.

आणि छपाई. क्रीम रंगाच्या, शाई पिणाऱ्या कागदावर सावळा चेहरा पडद्यापेक्षा गडद उतरतो, म्हणून प्रेसवाले न विचारता चेहरा उजळ करून टाकतात किंवा त्यांच्या मशीनचं ऑटो करेक्शन ते करतं. ते बंद ठेवायला सांगा, आणि पूर्ण गठ्ठा छापण्याआधी त्याच कागदावरचा एक नमुना दिवसाच्या उजेडात बहिणीशेजारी धरून बघा. गडद वाटला तर छापायच्या फाइलमध्ये एल दोन-तीन अंकांनी वर घ्या, त्याहून जास्त नाही.