इंटरसेप्ट काढला आणि आर-स्क्वेअर 0.65 वरून 0.90 वर गेला

प्रश्न: आरमधल्या `cars` डेटावर वेगावरून थांबण्याचं अंतर काढणारं रिग्रेशन केलं, आर-स्क्वेअर 0.65 आला. वेग शून्य तर अंतरही शून्यच, म्हणून इंटरसेप्ट काढला, तर 0.90 झाला. मग दुसरं मॉडेल जास्त चांगलं ना?

उत्तर:

नाही, ते पहिल्यापेक्षा थोडं वाईटच आहे. `summary()` मध्ये आर-स्क्वेअरच्या अगदी वरची ओळ बघा, रेसिड्युअल स्टँडर्ड एररची. इंटरसेप्ट असताना ती 15.38 फूट आहे आणि काढल्यावर 16.26 फूट. म्हणजे अंदाज सरासरीनं जास्त चुकायला लागले, तरी आर-स्क्वेअर मात्र चढला. कारण दोन्ही ठिकाणी नाव एकच असलं तरी मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

आर-स्क्वेअर ही नेहमी तुलना असते. तुमच्या मॉडेलची चूक एका साध्यासुध्या मॉडेलच्या चुकीशेजारी ठेवायची आणि किती टक्के कमी झाली ते सांगायचं. इंटरसेप्ट असतो तेव्हा ते साधं मॉडेल म्हणजे सरासरी: वेग कितीही असो, अंतर 42.98 फूट. त्याच्या चुकांच्या वर्गांची बेरीज 32,539 भरते. तुमच्या रेषेची बेरीज 11,354 आहे, म्हणून 1 − 11354/32539, म्हणजे 0.65.

इंटरसेप्ट काढला की आर ते साधं मॉडेलही बदलतो. आता तुलना सरासरीशी नाही, शून्याशी: 'प्रत्येक गाडी शून्य फुटांत थांबते' असं म्हणणाऱ्या मॉडेलशी. त्याच्या चुकांच्या वर्गांची बेरीज म्हणजे सगळ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, 1,24,903. इतका दुबळा प्रतिस्पर्धी समोर असला की कुणीही जिंकतं. तुमच्या नव्या रेषेची चूक 12,954 आहे, आधीपेक्षा जास्त, पण भागायचं 1,24,903 नं असल्यामुळे उत्तर 0.90 येतं.

हा आकडा किती स्वस्त आहे बघा. वेगाकडे ढुंकूनही न बघता प्रत्येक गाडीला 42.98 सांगणारी आडवी रेषा या नव्या मोजपट्टीवर 0.74 मिळवते! जुन्या मोजपट्टीवर तिला शून्य आहे. तुमच्या 0.90 चा मोठा भाग फक्त अंतरं शून्यापासून लांब आहेत म्हणून आला आहे, वेगाच्या ज्ञानामुळे नाही.

दोन्ही मॉडेल एकाच पट्टीवर मोजायची तर भाजक हातानं ठरवावा लागतो:

```r
m1 <- lm(dist ~ speed, data = cars)
m0 <- lm(dist ~ 0 + speed, data = cars)
sst <- sum((cars$dist - mean(cars$dist))^2)
1 - sum(resid(m1)^2) / sst   # 0.651
1 - sum(resid(m0)^2) / sst   # 0.602
```

0.65 विरुद्ध 0.60, ही खरी तुलना. तरी अशा वेळी मी आर-स्क्वेअरपेक्षा रेसिड्युअल स्टँडर्ड एररच बघतो, कारण ती फुटांत असते आणि तिच्यामागे कोणतंही लपलेलं साधं मॉडेल नसतं. पायथॉनमध्ये काम करत असाल तर एक गोष्ट जपा. `statsmodels` मध्ये `add_constant` विसरलात की इंटरसेप्ट मुकाट्यानं गायब होतो आणि आर-स्क्वेअर फुगतो. आउटपुटमध्ये त्याच्यापुढे `(uncentered)` लिहिलेलं असतं, ती खूण. उलट `scikit-learn` मध्ये `fit_intercept=False` दिलं तरी `score()` सरासरीशीच तुलना करतो, म्हणून तिथे याच डेटाला 0.60 मिळेल. एकच रेषा, दोन आकडे.

आता तुमच्या युक्तिवादाकडे येतो, कारण तो चुकीचा नाही, अपुरा आहे. उभी गाडी थांबायला अंतर घेत नाही हे भौतिकशास्त्र आहे, मत नाही. पण इंटरसेप्ट काढायला दोन गोष्टी लागतात: शून्याला शून्य हे खरं असलं पाहिजे, आणि शून्यापासून तुमच्या डेटापर्यंतचा सगळा रस्ता सरळ असला पाहिजे. पहिली अट तुम्ही तपासलीत, दुसरी राहिली. या डेटात वेग ताशी 4 ते 25 मैल आहे. रेषा शून्यातून जायलाच हवी असा हट्ट धरला की उतार 3.93 वरून 2.91 वर येतो, म्हणजे ताशी एक मैल वेग वाढला तर अंतर किती फूट वाढतं याचं उत्तर पाव भागानं बदलतं. शून्याजवळच्या एका बिंदूपायी, जिथे एकही गाडी मोजलेली नाही, बाकी पन्नास मोजमापांवर हा दाब येतो.

तो दाब रेसिड्युअलमध्ये दिसतो. ताशी 24 आणि 25 मैलांच्या पाचही गाड्या नव्या रेषेच्या वर आहेत. 120 फुटांत थांबलेल्या गाडीला रेषा 70 फूट सांगते. खालच्या टोकाला बहुतेक गाड्या रेषेच्या खाली आहेत. शिवाय इंटरसेप्ट नसला की रेसिड्युअलची बेरीज शून्य येण्याची हमी जाते. इथे ती सुमारे −91 आहे, म्हणजे रेषा प्रत्येक गाडीला सरासरी पावणेदोन फूट जास्तच सांगते.

पहिल्या मॉडेलचा इंटरसेप्ट −17.58 आहे आणि त्याची पी-व्हॅल्यू 0.012. उणे अंतर अशक्य, म्हणून तुम्हाला तो खटकला. मी तो वेगळा वाचतो: थांबण्याच्या अंतराला शून्याजवळ काही झालेलं नाही, नातंच वाकडं आहे आणि सरळ रेषा ते वाकडेपण इंटरसेप्टमध्ये ढकलते आहे. (उलट बाजूही सांगतो. इंटरसेप्टची पी-व्हॅल्यू 0.4 आली म्हणून तो काढून टाकू नका. 'शून्यापासून वेगळा असल्याचा पुरावा मिळाला नाही' आणि 'शून्यच आहे' यांत फरक आहे, आणि इंटरसेप्ट ठेवायला खर्च फक्त एका डिग्री ऑफ फ्रीडमचा असतो.)

गाडी थांबताना दोन अंतरं जातात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी वेगाच्या प्रमाणात पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोन्ही शून्य वेगाला शून्यच. तेव्हा इंटरसेप्ट नसलेलं, पण वर्गाचं पद असलेलं मॉडेल लिहा:

```r
m2 <- lm(dist ~ 0 + speed + I(speed^2), data = cars)
```

याची रेसिड्युअल स्टँडर्ड एरर 15.02 फूट येते, तिन्हींत सर्वांत कमी. सरासरीच्या पट्टीवर आर-स्क्वेअर 0.67, आणि आर स्वतः छापतो 0.91. यात इंटरसेप्ट परत घातला तर एरर 15.18 होते, म्हणजे तो काहीच कमावत नाही. इथे तो वगळणं मला पटतं, कारण सिद्धांत तसं सांगतो, वक्र त्या सिद्धांताशी जुळतो आणि डेटा तक्रार करत नाही.

एक अडचण मात्र `m2` मध्येही तशीच राहते. वेग वाढतो तसा अंतरांचा फैलावही वाढतो, त्यामुळे 15 फूट हा आकडा हळू गाड्यांच्या खऱ्या चुकीपेक्षा मोठा आणि वेगवान गाड्यांच्या खऱ्या चुकीपेक्षा लहान आहे. अंदाजाच्या मर्यादाही सांगायच्या असतील तर आधी `plot(m2, which = 3)` बघा आणि लागलं तर वजनं द्या.