औषध दुकानातील नवोदितांसाठी: क्लॅरिथ्रोमायसिन आणि स्टॅटिन

ठाण्यात नुकतेच काउंटरवर उभे राहू लागला आहात, तेव्हा आरंभी ही एक जोडी ओळखायला शिका. समजा, नौपाड्यातील सत्तरीचे गृहस्थ कोलेस्टेरॉलसाठी रोज ४० मिग्रॅ अॅटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेतात आणि छातीच्या संसर्गासाठी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा लिहून दिले आहे. नवखा माणूस फक्त हातातली चिठ्ठी वाचतो आणि रोजच्या गोळ्या विचारत नाही. चूक तिथेच होते.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर अडवतात, त्यामुळे स्टॅटिनचा निचरा मंदावून रक्तातील पातळी चढते आणि क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते.

अशा वेळी स्वतः बदल न करता डॉक्टरांना फोन करा. अॅझिथ्रोमायसिन चालणार असेल तर हा अडथळा जवळजवळ उरत नाही, मात्र हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्यास तेही सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनच हवे असेल तर डॉक्टर अॅटोरव्हास्टॅटिन २० मिग्रॅच्या आत ठेवतात किंवा कोर्सपुरते थांबवतात. सिमव्हास्टॅटिन मात्र सोबत मुळीच चालत नाही. रोसुव्हास्टॅटिन या विकरावर फारसे अवलंबून नसते.

मांड्या-खांदे दुखणे, अशक्तपणा किंवा चहासारखी गडद लघवी दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, हे रुग्णाला स्पष्ट सांगा. तिथे स्नायूंची इजा दाखवणारे रक्तातील सीके आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन तपासतात.