काळे कुरळे केस हायलाइट करायचेत पण कर्ल्स सैल पडायला नकोत, कसं करू?

मी हे एकदा बिघडवलंय आणि नंतर एकदा नीट केलंय, म्हणून सांगते. पहिल्यांदा पार्लरमध्ये ब्लीचमध्ये ३० व्हॉल्यूम डेव्हलपर म्हणजे तीव्र पेरॉक्साइड, वर फॉइल, आणि लवकर व्हावं म्हणून फॉइलवर ड्रायर पण मारला. धुतल्यावर बाकीचे केस नेहमीसारखे गोळा झाले आणि पुढच्या दोन बटा शेवयांसारख्या लोंबत राहिल्या, शेवटी कापाव्याच लागल्या.

होतं काय, केसाच्या आत प्रोटीनचे धागे सल्फरच्या बाँड्सनी एकमेकांना बांधलेले असतात आणि वळण टिकण्यात त्यांचा मोठा हात असतो. ब्लीच काळा रंग काढताना यातले काही बाँड्सही तोडतं आणि तुटलेले पुन्हा पहिल्यासारखे जुळत नाहीत. त्यामुळे अजिबात नुकसान नाही असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, कुठे थांबायचं एवढंच आपल्या हातात. काळा केस आधी लालसर तपकिरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा. नारिंगीवर थांबून कॉपर किंवा कॅरॅमल टोनर लावा, ॲश ब्लाँडचा हट्ट केला की पिवळ्यापर्यंत जावं लागतं आणि कर्ल तिथेच जातो.

दुसऱ्या वेळी मी आधी टेस्ट केली. मानेजवळची आतली एक बारीक बट, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, उष्णता नाही. ३० मिनिटांनी नारिंगी झाली, धुतली, काही न लावता तशीच वाळू दिली आणि शेजारच्या बटेला लावून बघितली, लांबी सारखीच. दुसरी बट ४५ मिनिटं ठेवली तर ती वाळल्यावर जवळजवळ इंचभर खाली आली, म्हणजे वळण सैल झालं. झालं, माझी मर्यादा कळली (तुमची वेगळी असेल, माझे आकडे कॉपी करू नका). ओली बट हलकेच ओढूनही बघा, ताणून परत आली तर ठीक, च्युइंगगमसारखी लांबतच गेली तर ब्लीचचा विचार सोडा.

मग सगळे केस न करता कोरड्या, मोकळ्या कर्ल्सवर ब्रशने वरवर ब्लीच लावून घेतलं, जिथे वळणावर उजेड पडतो तेवढंच, मुळं सोडून. ओल्या विंचरलेल्या केसांवर केलं असतं तर कोणती बट कुठे उडी मारून बसणार हे कळलंच नसतं. पुढच्या वेळी आधी ब्लीच झालेल्या भागावर परत ब्लीच जाऊ देऊ नका, बहुतेकींचे कर्ल्स याच चुकीने जातात.

आणि हो, पार्लरवालीला मेंदीचं खरं सांगा!! बाजारच्या काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडबरोबर तापतात, केस अक्षरशः जळू शकतो. स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग केलं असेल तर तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा.